वलयं न उमटवता चेहरा स्पष्ट करताना

शार्प करण्याच्या नादात बिघडलेला चेहरा लगेच ओळखू येतो. हनुवटीच्या कडेला समांतर अशी दुसरी एक फिकट रेघ धावते. वरची पापणी दुहेरी दिसते. डोळ्यातल्या चमकेभोवती काळं कडं येतं, त्याच्या बाहेर पुन्हा एक फिकट कडं. नाकपुडीच्या बाजूला खडूनं ओढल्यासारखी पांढरी किनार दिसते. मूळ माणसाच्या चेहऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. गणितातून तयार झालेली ही वलयं आहेत, आणि इंग्रजीतून आलेलं त्यांचं नाव रिंगिंग. साध्या शार्पनिंगमध्येही कडेला एक फिकट पट्टा येतो, त्याला हेलो म्हणतात. हेलो एकच असतो. रिंगिंगमध्ये फिकट, गडद, पुन्हा फिकट अशी आवर्तनं होतात आणि कडेपासून दूर जाताना ती मंद होत जातात. कडेच्या बाहेर दुसरी रेघ मोजता आली, तर ते रिंगिंग.

या प्रकरणात मी एकच फोटो घेऊन बसणार आहे. साधारण १९६० च्या आसपासचा, कृष्णधवल, पोस्टकार्डाच्या आकाराचा स्टुडिओतला फोटो. आई खुर्चीत बसली आहे, मांडीवर मूल आहे. फोटोग्राफरनं फोकस मुलाच्या चेहऱ्यावर धरला. मूल पुढे, आई थोडी मागे. त्यामुळे मुलाच्या भुवयांचे केस दिसतात आणि आईचा चेहरा मऊ पडला आहे. घरच्यांना चेहरा हवा आहे तो आईचा. अशा कामासाठी हा फोटो फार सोयीचा आहे. आईच्या नाकात मोत्यांची नथ आहे, डोक्यावरून घेतलेल्या पदराची फिकट किनार मागच्या गडद पडद्यावर उठून दिसते, आणि याच प्रिंटवर मुलाचा स्पष्ट चेहरा तुलनेला हजर आहे. या तिन्हींचा उपयोग पुढे होणार आहे.

फोकस चुकतो तेव्हा नेमकं काय घडतं, ते आधी पाहू. फोकसमध्ये असलेल्या बिंदूचा प्रकाश फिल्मवर एका बिंदूत गोळा होतो. फोकसबाहेरच्या बिंदूचा प्रकाश एका छोट्या चकतीभर पसरतो. चेहरा म्हणजे असे असंख्य बिंदू, आणि प्रत्येकाची चकती शेजारच्यांवर चढलेली. म्हणून कड कड राहत नाही, उतार होते. ही चकती केवढी आणि कशा आकाराची हे कळलं, तर उलटा हिशेब मांडून पसरलेला प्रकाश बराचसा जागेवर आणता येतो. या उलट्या हिशेबाला डीकन्व्होल्यूशन म्हणतात. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन लूसी यांनी १९७४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याची जी रीत मांडली ती आज रिचर्डसन–लूसी या जोडनावानं अनेक प्रोग्राममध्ये मिळते. ती आधी एक अंदाजी चित्र धरते, ते त्या चकतीनं धूसर करून मूळ स्कॅनशी ताडते, जो फरक पडेल त्याप्रमाणे अंदाज सुधारते, आणि हेच पुन्हा पुन्हा करते.

एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिच्या मुख्य आरशाची कड सुमारे २.२ मायक्रोमीटरनं जास्त सपाट घासली गेल्याचं लक्षात आलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती करेपर्यंत तिथल्या धूसर चित्रांवर याच जातीचे हिशेब चालवले गेले. खगोलशास्त्रज्ञांच्या बाजूनं एक गोष्ट होती: तारा हा मुळातच बिंदू असतो. चित्रातला तारा जसा पसरलेला दिसतो, तोच आरशाच्या दोषाचा ठसा. चेहऱ्यात तारे नसतात. तिथे आपल्याला नथीतल्या मोत्यावरची चमक, चष्म्याची काडी, कुडीचा खडा असलं काहीतरी शोधावं लागतं. त्या चमकेचा आकार बघा. ती गोल पसरली असेल तर फोकस चुकलेला आहे. एका दिशेनं लांबट झाली असेल तर माणूस किंवा कॅमेरा हलला आहे, आणि ते दुखणं वेगळं. चमकेचा मधला ठिपका नीट टोकदार असून भोवती दुधाळ प्रभा असेल, तर तो मुद्दाम वापरलेल्या सॉफ्ट-फोकस भिंगाचा परिणाम असू शकतो. १९३५ मध्ये बाजारात आलेलं लाइट्झ कंपनीचं थाम्बार हे असंच भिंग. तशा फोटोत तपशील जागेवर असतो, त्यावर फक्त एक विरळ पडदा असतो. तिथे या प्रकरणातली रीत चालवू नये. माझ्या मते तो पडदा काढण्याआधी दहादा विचार करावा, कारण तो फोटोग्राफरनं समजून टाकलेला आहे.

आपल्या फोटोत नथीवरच्या चमका गोल आहेत. म्हणजे फोकस.

आता वलयं का येतात ते. धूसरपणा सगळ्याच तपशिलांना सारखा मारत नाही. जाड आकार जवळपास तसेच राहतात, बारीक पट्टे फिके होतात, आणि एका ठराविक बारकाईचे पट्टे पूर्णपणे पुसले जातात. चकतीच्या बाबतीत ही बारकाई सहज काढता येते: एक काळी आणि एक पांढरी पट्टी मिळून जी रुंदी होते, ती चकतीच्या व्यासाला १.२२ नं भागल्याइतकी असली की काहीच उरत नाही. जे उरलंच नाही ते कितीनंही गुणलं तरी शून्यच. प्रोग्राम मात्र त्याच्या आजूबाजूच्या, जेमतेम जिवंत राहिलेल्या तपशिलांना प्रचंड वाढवतो, आणि त्यांच्यासोबत कागदाचे कण आणि स्कॅनरची कुरकुरही वाढते. शिवाय तीव्र कड उभी करायला सगळ्या बारकाईचे तपशील एकत्र लागतात. त्यातले काही गायब असताना कड बांधली की तिच्या दोन्ही बाजूंना लाटा उठतात. गणितात ही गोष्ट १९ व्या शतकातच नोंदली गेली होती. ती गिब्जच्या नावानं ओळखली जाते, आणि मालिका मध्येच तोडली की कडेपाशी उडीच्या सुमारे ९ टक्के इतकी उसळी राहतेच, असं ती सांगते.

थोड्या लाटा म्हणजे मुळातच अटळ आहेत. पण आपल्या हातून येणारी बहुतेक वलयं त्याहून मोठ्या कारणानं येतात: चकती आहे त्यापेक्षा मोठी सांगितली जाते. चकती लहान सांगितली तर चेहरा थोडा मऊ राहतो, बाकी काही बिघडत नाही. मोठी सांगितली तर प्रोग्राम कधी पसरलाच नव्हता असा प्रकाश गोळा करू पाहतो, आणि कडेच्या बाहेर खड्डा पडतो. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून आधी माप घ्यायचं आणि मापापेक्षा किंचित कमीच सांगायचं. स्लायडर सरकवत डोळ्यांना बरं वाटेल तिथे थांबणं हा वलयांकडे जाणारा सर्वात जवळचा रस्ता आहे, कारण पहिल्या क्षणी वलयंसुद्धा स्पष्टपणासारखीच वाटतात.

मापाआधी स्कॅन. हा फोटो १२०० डीपीआयवर, १६ बिट ग्रेस्केल, टिफ म्हणून स्कॅन करायचा. स्कॅनरच्या प्रोग्राममध्ये `Unsharp Mask` ची खूण बहुधा आधीच लावलेली असते, ती काढायची. ती राहिली तर कडेला हेलो आधीच आलेला असतो, आणि डीकन्व्होल्यूशन त्यालाच खरी वस्तू समजून आणखी धारदार करतं. जेपेग असेल तर त्याचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन असेच वर येतात. उजेडाची पातळी अशी ठेवायची की मोत्यावरची चमकसुद्धा २५५ ला टेकणार नाही. टेकली की तिचं खरं माप कापलं जातं. कापलेल्या चमकेचा उलटा हिशेब जुळत नाही आणि नेमकं तिच्याभोवती काळं कडं येतं. कर्व्ह, काँट्रास्ट वगैरे सगळं नंतर.

मग भिंग लावल्यासारखं २०० टक्क्यांवर जाऊन कण बघायचे. ही पायरी सहसा टाळली जाते आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. चेहरा मऊ आहे पण त्याच गालावर फिल्मचे कण टोकदार दिसतात, तर धूसरपणा कॅमेऱ्यात झाला. कण नंतर आले आणि ते धूसर झालेलेच नाहीत. कणही मऊ असतील, तर प्रिंट करताना एन्लार्जरचा फोकस सुटला किंवा स्कॅनरचा. दुसऱ्या प्रकारात डीकन्व्होल्यूशन मनासारखं काम करतं, कारण सगळ्या चित्रावर एकच ठसा आहे. पहिल्या प्रकारात कणांना ते विनाकारण ताणतं, आणि गालावर अळ्यांसारखी नक्षी उमटते. आपल्या फोटोत मुलाचा चेहरा स्पष्ट आहे, म्हणजे दोष कॅमेऱ्यातलाच. पण प्रिंट लहान आणि निगेटिव्ह मोठी असल्यानं कण अगदी बारीक आहेत. थोडक्यात, काम होण्यासारखं आहे, पण जोर कमी ठेवावा लागेल.

याच कारणासाठी धूळ, ओरखडे आणि डाग शार्प करण्याआधीच काढायचे. धुळीचा कण कागदावर बसलेला असतो, तो कधी फोकसबाहेर गेलाच नव्हता. त्याच्यावर उलटा हिशेब चालवला की तो बंदुकीच्या निशाण्यासारखा दिसतो: मध्ये ठिपका, भोवती एकात एक वर्तुळं. चेहऱ्यावर गोल गोल खुणा दिसल्या तर आधी धुळीवर संशय घ्यावा. जुन्या स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर पेन्सिलीनं आणि प्रिंटवर ब्रशनं टचिंग होत असे, तेही याच जातीचं. आपल्या फोटोत आईच्या डाव्या भुवईवर टचिंगच्या दोन-तीन रेघा आहेत. चेहऱ्याच्या मानानं त्या फारच टोकदार आहेत. त्या पुसायच्या नाहीत, त्या स्टुडिओच्या कारागिराच्या हातच्या आहेत; पण भुवईचा तेवढा भाग पुढे मास्कमध्ये वगळायचा.

आता माप. पदराची किनार आणि मागचा पडदा यांच्यामधली कड घेतली. किनार डोक्यावर, चेहऱ्याच्या जवळपास त्याच अंतरावर आहे, म्हणून ती चालते. खुर्चीची पाठ चालली नसती. फोटोशॉपमध्ये `Info` पॅनल आरजीबीवर ठेवलं आणि कडेच्या आडवं कर्सर नेत आकडे पाहिले. पडदा ४०, किनार २००. फरक १६० चा. त्याचे १० टक्के सोडले की ५६, ९० टक्क्यांवर १८४. ५६ पासून १८४ पर्यंत चढायला साडेसहा पिक्सेल लागले. मुलाच्या झबल्याची तशीच फिकट कड गडद भागावर आहे, तिथे हाच चढ दोन पिक्सेलांत झाला. हे दोन पिक्सेल फोकसचे नाहीत, प्रिंट आणि स्कॅनर यांनी मिळून घातलेले. ते सरळ वजा करायचे नसतात. वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं सुमारे ६.२.

चकतीमुळे आलेल्या चढाची ही रुंदी तिच्या त्रिज्येच्या साधारण १.३७ पट असते. ६.२ भागिले १.३७, म्हणजे त्रिज्या ४.५ पिक्सेल. धूसरपणा चकतीऐवजी घंटेच्या आकाराच्या गाउसी वक्रासारखा असता, तर हीच रुंदी त्याच्या सिग्माच्या २.५६ पट असते, आणि आकडा २.४ आला असता. एकाच कडेवरून दोन आकडे, जवळपास दुप्पट फरकाचे. एका प्रोग्राममधला रेडियस दुसऱ्यात जसाच्या तसा टाकला की चेहरा का फाटतो, याचं उत्तर इथे आहे. आधी विचारायचं, हा रेडियस चकतीचा की गाउसीचा.

याच मापावरून काय परत येईल आणि काय येणार नाही तेही कळतं. १२०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०२१ मिलिमीटरचा, म्हणून प्रिंटवरची चकती सुमारे ०.१९ मिलिमीटर व्यासाची. १.२२ नं भागलं तर साधारण ०.१६ मिलिमीटर. आईचा चेहरा केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत प्रिंटवर १८ मिलिमीटर आहे; प्रत्यक्षात चेहरा साधारण १८ सेंटिमीटरचा धरला तर प्रमाण एकास दहा. म्हणजे खऱ्या चेहऱ्यावर सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा बारीक आवर्तन कायमचं गेलं आहे. पापणीची घडी येईल, ओठांची कड येईल, नथीतले तीन-चार मिलिमीटरचे मोती वेगवेगळे होतील. पापणीचे केस येणार नाहीत. ते दिसू लागलेच तर ते खोटे आहेत.

एवढ्या मोठ्या चकतीवर काम करायची गरजही नाही. फाइल `Image Size` मधून ६०० डीपीआयवर आणली. रीसँपलिंगला साधं `Bicubic` घेतलं. `Bicubic Sharper` स्वतःच कडेला थोडा हेलो घालतं. आता चेहरा ४२५ पिक्सेल उंच, चकतीची त्रिज्या सव्वादोन पिक्सेल. कणांची सरासरी होऊन तेही शांत झाले. तपशील काही गेला नाही, कारण त्या बारकाईचा तपशील मुळात उरलाच नव्हता. त्रिज्या दोन-तीन पिक्सेलांत आली की हे हिशेब सर्वात नीट चालतात. पाच-सहा पिक्सेलांची चकती घेऊन बसलात तर वलयंही तेवढीच रुंद आणि डोळ्यांत भरणारी होतात.

फोटोशॉपमध्ये `Smart Sharpen` उघडा. तिथे `Remove` या यादीत तीन पर्याय आहेत: `Gaussian Blur`, `Lens Blur`, `Motion Blur`. पहिला म्हणजे जवळपास जुना अनशार्प मास्कच. चुकलेल्या फोकससाठी `Lens Blur`. मापानं सव्वादोन सांगितलं होतं, मी २.१ ठेवतो. ताळा असा करायचा: `Amount` तात्पुरतं ३०० टक्क्यांवर नेऊन `Radius` एकपासून हळूहळू वाढवायचा आणि नजर फक्त नथीवर ठेवायची. दीडपाशी मोत्यावरची चमक आकसू लागते. दोनच्या जरा पुढे ती सर्वात घट्ट होते. २.६ ला मोत्याभोवती काळं कडं येतं, आणि तीन ओलांडल्यावर त्याच्या बाहेर दुसरं फिकट कडं. कडं यायच्या आधीचा आकडा आणि मापातून आलेला आकडा जुळले, म्हणजे माप बरोबर. मग `Amount` ११०–१२० वर आणायचं, `Reduce Noise` दहाच्या आसपास. त्याहून वाढवलं तर गाल मेणाचे दिसू लागतात. खाली `Shadows` आणि `Highlights` यांचे `Fade Amount` आहेत. फिकट वलयं गडद वलयांपेक्षा आधी डोळ्यांत येतात, म्हणून `Highlights` चा ४० आणि `Shadows` चा २० ठेवला.

फोटोशॉप नसेल, किंवा चकतीचा आकार स्वतःच्या हातात हवा असेल, तर पायथनमधली रिचर्डसन–लूसी रीत वापरता येते. चेहऱ्याचा तुकडा वेगळा कापून घ्यायचा, पण चारी बाजूंनी तीसेक पिक्सेलांची जादा जागा ठेवून. कारण तुकड्याबाहेर काळोख आहे असं हा हिशेब धरतो आणि काठावर लाटा उठवतो. तो काठ शेवटी कापून टाकायचा.

```python
import numpy as np
from skimage import io, restoration, util

img = util.img_as_float(io.imread("face.tif"))
y, x = np.mgrid[-4:5, -4:5]
psf = np.clip(2.1 + 0.5 - np.hypot(x, y), 0, 1)
psf /= psf.sum()
out = restoration.richardson_lucy(img, psf, num_iter=10)
io.imsave("face_rl.tif", util.img_as_uint(out))
```

मधल्या दोन ओळी २.१ त्रिज्येची, मऊ कडेची चकती बनवतात. तिसरी तिची बेरीज एक करते, नाहीतर चेहऱ्याचा उजेडच बदलेल. खरा लगाम `num_iter` चा. पाच फेऱ्यांत डोळे उघडल्यासारखे वाटतात. दहाला पापणीची घडी येते. वीसला गालावरचे कण गोळा होऊ लागतात, आणि चाळीसला बुबुळात एकाबाहेर एक वर्तुळं दिसतात. फेऱ्या वाढवत नेल्या की चित्र सुधारतच जाईल असं वाटतं, पण एका टप्प्यानंतर ही रीत चेहऱ्याऐवजी कणांचा अर्थ लावत बसते. लवकर थांबणं हाच इथला बचाव. या फोटोसाठी मी दहावर थांबतो.

तरीही पदराच्या किनारीशी आणि नाकपुडीपाशी थोडी उसळी राहतेच. तिच्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. वलय म्हणजे काय, तर आजूबाजूला कुठेच नसलेला उजेड किंवा काळोख. मग प्रत्येक पिक्सेलला एवढंच बंधन घालायचं की मूळ चित्रात त्याच्या शेजारी जो सर्वात उजळ पिक्सेल आहे त्याच्यापेक्षा उजळ व्हायचं नाही, आणि सर्वात गडद आहे त्याच्यापेक्षा गडद व्हायचं नाही. फोटोशॉपमध्ये हे तीन लेयरांत होतं. खाली मूळ चित्र आहेच. त्याच्यावर शार्प केलेला लेयर. त्याच्यावर मूळ चित्राची प्रत, जिच्यावर `Filter > Other > Maximum` दोन पिक्सेलांनी चालवलं आहे, आणि तिचा ब्लेंड मोड `Darken`. सर्वात वर मूळ चित्राची दुसरी प्रत, `Minimum` दोन पिक्सेल, मोड `Lighten`. वरचे तिन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपचा मोड `Pass Through` ऐवजी `Normal` करायचा. कड तीव्र राहते आणि तिच्या बाहेरची पांढरी-काळी रेघ तिथल्या तिथे कापली जाते. याचीही मर्यादा आहे: मोत्याची चमक घट्ट होईल, पण मूळ स्कॅनमध्ये होती त्याहून उजळ होणार नाही. मला ते मान्य आहे. आणि गालासारख्या सपाट भागातल्या बारीक लाटा या बंधनात बसूनही सुटू शकतात, म्हणून पुढची पायरी लागते.

ती पायरी म्हणजे मास्क. ग्रुपला काळा मास्क लावून मऊ ब्रशनं फक्त हवा तेवढाच भाग उघडायचा. डोळे, पापण्या, ओठांची कड, नाकपुड्या, नथ आणि कपाळावरची केसांची रेषा हे सगळं पूर्ण. भुवया पूर्ण, टचिंगच्या रेघा सोडून. गाल, कपाळ आणि हनुवटीचा सपाट भाग २० ते ३० टक्के. चेहऱ्याची ओळख पटते ती पहिल्या भागांवरून. गालावर शार्प करण्यासारखं काही नसतं आणि कण मात्र भरपूर असतात. गाल अगदी शून्यावरही ठेवू नयेत. टोकदार डोळे आणि धुक्यातले गाल शेजारी आले की डोळे वरून चिकटवल्यासारखे दिसतात.

तपासणी दोन जागी करावी. एक, १०० टक्क्यांवर, तीव्र कडेच्या शेजारचा सपाट भाग: हनुवटीखालची मान, पदराशेजारचा पडदा, बुबुळाशेजारचं पांढरं. वलय असेल तर इथे दिसतं. केसांत किंवा कापडाच्या विणीत ते लपून राहतं. दोन, मूळ आणि नवं चित्र लागोपाठ उघडझाक करून. डोळ्याची ठेवण, ओठांचा कोपरा, नाकाची रुंदी हललेली वाटली तर काहीतरी जास्त झालं आहे. घरातल्या ज्यांनी त्या बाईंना पाहिलं आहे त्यांना दोन्ही प्रिंट दाखवावेत. त्यांची नजर कुठल्याही मापापेक्षा लवकर सांगते की ही आई आहे की तिच्यासारखी दिसणारी कुणी.

शेवटची तुलना मुलाच्या चेहऱ्याशी. आईचा चेहरा त्याच्याइतका स्पष्ट होऊ द्यायचा नाही. ती मागे बसली आहे, आणि फोटोतली ती खोली राहिली पाहिजे. माझ्या कामात ग्रुपची ओपॅसिटी ८० टक्क्यांवर आली तेव्हा दोघं पुन्हा एकाच खोलीत बसल्यासारखे वाटले.

राहता राहिला प्रिंटचा आकार. घरच्यांना बहुतेक वेळा बारा बाय अठरा इंची फ्रेम हवी असते. मूळ पोस्टकार्डाची लांबी सुमारे १४ सेंटिमीटर, फ्रेमची पावणेशेहेचाळीस. सव्वातीन पट. उरलेला मऊपणाही तेवढाच पट होईल, आणि ६०० डीपीआयची आपली फाइल तिथे १८५ डीपीआयच्या आसपास उतरेल. हातात धरून बघायला ते कमी पडतं, भिंतीवर चार-पाच फुटांवरून चालतं. अशा वेळी मोठं करून पुन्हा शार्प करायचा मोह होतो, पण एकदा उलटा हिशेब केलेल्या चित्रावर दुसऱ्यांदा तोच हिशेब चालवला की आधी दाबलेली वलयं सव्वातीन पट रुंद होऊन वर येतात. मी घरच्यांना सहा बाय नऊ इंच सुचवतो. त्या आकारात फाइल ३७० डीपीआयच्या आसपास बसते, मॅट कागदावर आणखी काहीही न करता ती तशीच छापायला देता येते, आणि नथीतले मोती मोजता येतात.